कुरियरचा रेट कमी करून घेताय? मग या चुका टाळा

रोजची चार-पाच पार्सलं असतात तोवर कुरियरचं बिल कुणी नीट वाचत नाही. आलं, भरलं, विषय संपला. तीच पार्सलं पंधरा-वीसवर गेली की अचानक जाग येते, आणि मग पहिला प्रश्न ठरलेला, "मला किती रेट मिळायला पाहिजे?" कुणीतरी आपला आकडा सांगतं, हा माणूस तो आकडा घेऊन थेट सेल्सवाल्याशी भांडायला जातो. समोरच्याचं पार्सल किती वजनाचं, बॉक्स केवढा, जातं कुठे, परत किती येतं, यातलं एकही विचारलेलं नसतं. अशा भांडणातून कधी कधी रेट खरंच कमी होतो, आणि बिल मात्र वाढतं. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणी "मला वीस टक्के डिस्काउंट मिळाला" म्हणून पेढे वाटायला आलं की मी आधी इन्व्हॉइस मागते.

खाली ज्या चुका आहेत त्या सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत. दोन अशा आहेत की त्यांच्यात वर्षभराचा नफा जातो, त्यांच्यावर जरा सविस्तर लिहिलंय. बाकीच्या उरकून टाकल्यात.

पहिल्या स्लॅबच्या रेटवर अडून बसणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती करताना माणसाला आपण जिंकतोय असं वाटत असतं.

रेट कार्डावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात जो आकडा असतो तो पहिल्या स्लॅबचा असतो, म्हणजे बहुतेक ठिकाणी पहिल्या अर्ध्या किलोचा. त्याच्याखाली बारीक अक्षरात पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोचा रेट असतो. आणखी खाली, किंवा वेगळ्याच पानावर, व्हॉल्युमेट्रिक वजन कसं काढणार ते असतं, फ्युएल सरचार्ज असतो, पार्सल परत आलं तर काय लागणार ते असतं. आपण भांडतो वरच्या आकड्यासाठी, बिल बनतं खालच्या आकड्यांवर. सेल्सवाल्याला हे पक्कं माहीत असतं, त्यामुळे तो वरचा आकडा फार खळखळ न करता सोडतो. थोडं कुरकुरून दाखवतो, "साहेबांशी बोलावं लागेल" म्हणतो, दोन दिवसांनी फोन करून आनंदाची बातमी देतो.

माझ्या ओळखीतल्या एकीचं उदाहरण देते, लोकरीची खेळणी विकते ती. खेळण्यांचा सेट, बॉक्ससकट वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. बॉक्स ३० बाय २२ बाय १० सेंटीमीटरचा. आता व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, आणि त्याला तिच्या कंपनीच्या कार्डाप्रमाणे ५००० ने भागायचं, उत्तर किलोमध्ये येतं. हिच्या बॉक्सचे झाले ६६०० भागिले ५०००, म्हणजे १.३२ किलो. काट्यावरचं वजन आणि हे वजन यातलं जे जास्त त्यावर बिल लागतं, आणि तेही वरच्या स्लॅबला ओढून. म्हणजे सातशे ग्रॅमच्या पार्सलाचे ही बाई दीड किलोचे पैसे भरत होती, तीन स्लॅब. हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या डोक्यात होतं की आपलं पार्सल एक किलोच्या आतलं आहे.

हिशोब सोपा करायला पहिल्या स्लॅबचा रेट १०० धरू आणि पुढच्या प्रत्येक स्लॅबचा ९०. तिचं पार्सल पडत होतं १०० अधिक ९० अधिक ९०, म्हणजे २८०. पार्सलं वाढल्यावर तिने जोर लावला आणि दुसऱ्या कंपनीकडून पहिला स्लॅब ८० ला मिळवला. वीस टक्के कमी! लगेच सगळा माल तिकडे वळवला. नव्या कार्डावर पुढच्या स्लॅबचा रेट ९० च होता, तिथे काही फरक नव्हता. फरक होता तो एका ओळीत, व्हॉल्युमेट्रिकला ५००० ऐवजी ४००० ने भागणार होते. ६६०० भागिले ४००० म्हणजे १.६५ किलो, म्हणजे बिल दोन किलोचं, चार स्लॅब. ८० अधिक तीन वेळा ९०, झाले ३५०. रेट वीस टक्क्यांनी उतरला आणि पार्सल पंचवीस टक्क्यांनी महाग झालं. पहिलं महिन्याचं बिल आलं तेव्हा तिला वाटलं कंपनीने वजनात घोळ घातलाय, म्हणून ती आठवडाभर कस्टमर केअरशी भांडत बसली. घोळ काहीच नव्हता, सगळं तिने होकार दिलेल्या कार्डातच लिहिलेलं होतं.

मी तिला सगळ्यात आधी बॉक्स बदलायला लावला. आत खेळण्यांच्या भोवती कागदाच्या पट्ट्यांचा डोंगर होता, कशासाठी ते देवच जाणे, लोकरीचं खेळणं पडलं तरी फुटत नाही. पट्ट्या काढल्या आणि तोच सेट २८ बाय २० बाय ८ मध्ये बसला. हे ४४८०. जुन्या कंपनीच्या ५००० च्या हिशोबाने ०.८९६ किलो, म्हणजे एक किलो, दोनच स्लॅब. जुन्याच रेटने १९०. म्हणजे कुणाशी एक शब्द न बोलता २८० चे १९० झाले, जवळजवळ तिसरा हिस्सा वाचला. एवढी सूट कुठलाच सेल्सवाला घरगुती विक्रेत्याला देणार नाही, कितीही गूळ लावा.

म्हणून माझी पद्धत अशी की रेटचं बोलणं काढायच्या आधी टेप घेऊन बसायचं. आपले सगळ्यात जास्त जाणारे दोन-तीन बॉक्स मोजायचे, प्रत्येकाचं काट्यावरचं वजन आणि व्हॉल्युमेट्रिक वजन शेजारी शेजारी लिहायचं, आणि तो बॉक्स स्लॅबच्या रेषेपासून किती लांब आहे ते बघायचं. १.०५ किलोवर अडकलेला बॉक्स असेल तर तुमचं भांडण कुरियरवाल्याशी नाहीच, त्या पन्नास ग्रॅमशी आहे. आणि मोजताना रिकामा, कोरा बॉक्स मोजू नका. माल भरून, टेप लावून, फुगलेला मोजा. हबवरचं मशीन सगळ्यात उंच जागा धरतं, मधे पोट आलेला ८ सेंटीमीटरचा बॉक्स तिथे ९ चा होतो. वरच्या उदाहरणात उंची ९ झाली तर ५०४०, म्हणजे एक किलोच्या वर, म्हणजे दीड किलोचं बिल! कपडे पाठवणाऱ्यांनी पिशवी सील करायच्या आधी आतली हवा दाबून काढा, ही सवय हाताला लागली की लक्षातही येत नाही.

एवढं झाल्यावर मग रेट. तिथेही वरच्या आकड्यावर तोंड उघडायच्या आधी गेल्या तीन महिन्यांचं बिल शीटमध्ये टाका आणि दोनच गोष्टी शोधा: आपली जास्तीत जास्त पार्सलं कोणत्या स्लॅबला लागतात, आणि कोणत्या झोनला, म्हणजे अंतराप्रमाणे पाडलेल्या कोणत्या भागाला, जातात. बहुतेकांची साठ-सत्तर टक्के पार्सलं एक-दोन झोनमध्येच असतात. मग "सगळा रेट कमी करा" असं मोघम म्हणण्यापेक्षा "माझी एवढी पार्सलं या झोनला एक किलोने जातात, तिथला रेट बोला, बाकीचा तसाच राहू दे" हे म्हटलेलं कधीही चांगलं. सेल्सवाल्याला सगळ्या कार्डावर सूट द्यायला वरून परवानगी काढावी लागते, एका झोनपुरती सूट त्याला सोपी जाते. आणि लोकल झोनवर दिलेली भरघोस सूट बघून हुरळून जाऊ नका, तिकडे आपलं महिन्याला एखादं पार्सल जात असेल तर ती सूट काय चाटायची?

फ्युएल सरचार्ज हा रेटवर टक्केवारीने लागतो आणि तो वरखाली होतो. त्याचा सध्याचा टक्का विचारून घ्या आणि दोन कंपन्यांची तुलना करताना तो मिळवूनच करा. एकाचा रेट कमी आणि फ्युएल जास्त, दुसऱ्याचं उलटं, हे अगदी नेहमीचं आहे.

फुगवलेला आकडा सांगणं

दुसरी मोठी चूक. सेल्सवाला पहिल्याच फोनवर विचारतो, रोजची किती पार्सलं? आणि माणूस सेलच्या आठवड्यातला सगळ्यात चांगला दिवस आठवून सांगतो, "पन्नास-साठ." मनात असतं की आकडा मोठा सांगितला की रेट चांगला मिळेल, आणि पुढे वाढणारच आहेत की.

मिळतो, रेट खरंच चांगला मिळतो. पण तो त्या आकड्याला बांधलेला मिळतो. करारात कुठेतरी महिन्याला कमीत कमी इतकी पार्सलं किंवा इतकं बिल अशी ओळ असते. ती पाळली नाही तर काय, हे दोन-तीन प्रकारांनी लिहिलेलं असतं. कुठे कमी पडलेल्या रकमेचा फरक भरावा लागतो, कुठे रेट पुढच्या महिन्यापासून जुन्या कार्डावर जातो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुठे तो मागच्या तारखेपासून जुन्या कार्डावर जातो आणि झालेल्या पार्सलांचा फरक पुढच्या बिलात वसूल होतो. एका घरगुती मसालेवाल्या जोडप्याचं असंच झालं. सीझनमध्ये रोज साठ जायची म्हणून त्यांनी महिन्याला पंधराशेचा आकडा मान्य केला, सीझन संपला, रोजची बावीस-पंचवीसवर आली, म्हणजे महिन्याला जेमतेम सहाशे-साडेसहाशे. तीन महिन्यांनी कंपनीने आढावा घेतला आणि तिन्ही महिन्यांचा फरक एकदम लावला. त्यांचं म्हणणं, सेल्सवाला तोंडी म्हणाला होता, "ते नुसतं लिहायचं असतं हो, कोण बघतंय." तो सेल्सवाला तोवर दुसऱ्या कंपनीत गेला होता. त्याच्या जागी आलेला म्हणाला, तसा मेल असेल तर दाखवा. मेल कुठला!

सांगायचा आकडा असा काढा. गेल्या तेरा आठवड्यांचा, म्हणजे एका तिमाहीचा, दर आठवड्याचा आकडा एकाखाली एक लिहा. सगळ्यात मोठे दोन आठवडे खोडा, कारण ते सेलचे किंवा कुठल्यातरी रीलच्या कृपेचे असतात. उरलेल्यातला मधला आकडा धरा, त्याला चारने गुणा, हा तुमचा महिन्याचा आकडा. तो कमी वाटेल, वाटू दे. बांधून घ्यायचाच असेल तर त्याच्याही वीस-पंचवीस टक्के खालचा आकडा बांधून घ्या. आणि वाढीचं गाजर तुम्हाला दाखवायचंच असेल तर ते चढत्या स्लॅबने दाखवा: महिन्याला सहाशेपर्यंत हा रेट, सहाशेच्या वर गेलं की हा, हजारच्या वर हा, आणि तो रेट पुढच्या महिन्यापासून आपोआप लागेल, मला पुन्हा मागे लागावं लागणार नाही. हे लेखी मागा. यात कंपनीचं काही जात नाही म्हणून बहुतेक ठिकाणी मिळतं, आणि तुमची पार्सलं खरंच वाढली तर परत सगळी वरात काढावी लागत नाही. पार्सलं वाढली नाहीत तर नुकसानही नाही. अधीर नवशिक्यांना हे पटत नाही, त्यांना आजच हजारवाल्याचा रेट हवा असतो.

आणखी एक गोष्ट, कुरियरवाला नुसती पार्सलं मोजत नाही. त्याला महिन्याचं बिल किती होणार ते बघायचं असतं, आणि तुमच्याकडून माल उचलायला त्याला किती त्रास होणार तेही. रोज ठरलेल्या वेळेला पंचवीस पार्सलं, सगळी सारख्या दोन साइजची, लेबल छापून चिकटवलेली, पिकअपवाला दारात येऊन दहा मिनिटांत स्कॅन करून निघाला, हे गिऱ्हाईक त्याला स्वस्त पडतं. सोमवारी सत्तर, मंगळवारी तीन, बुधवारी "थांबा हं, अजून पॅकिंग चालूय" हे गिऱ्हाईक महाग पडतं, महिन्याची बेरीज तेवढीच असली तरी. त्यामुळे बोलणी करताना आपली ही बाजू मांडा. "माझं सगळं साडेचारला तयार असतं, तुमच्या पोराला थांबावं लागत नाही, विचारा त्याला" या वाक्याने मी स्वतः रेट उतरवून घेतलेला आहे. आणि खरंच विचारतात ते, पिकअपच्या पोराला विचारतात, म्हणून त्याला उन्हात ताटकळत ठेवू नका.

"तो दुसरा कमी देतोय" ही थाप

मारू नका. या माणसाचा दिवस रेट ऐकण्यातच जातो, बाजारात कोण काय देतंय ते तुमच्याआधी त्याच्या कानावर असतं. तो शांतपणे म्हणतो, "असं? कार्ड पाठवा ना, मी वर दाखवतो." मग आपली त-त-प-प, आणि तिथून पुढे तुमच्या कुठल्याच आकड्यावर त्याचा विश्वास बसत नाही.

थाप मारण्यापेक्षा खरंच दुसऱ्याकडे खातं उघडा. रोजच्या पार्सलांतली पाचातलं एक अशी महिनाभर त्याच्याकडून पाठवा. एकाच भागातली, सारख्या वजनाची पार्सलं दोघांकडून गेली पाहिजेत, नाहीतर तुलनेला अर्थ नाही, लांबची एकाला आणि जवळची दुसऱ्याला दिली की जवळचा चांगलाच दिसणार. महिन्याच्या शेवटी दोघांचं बिल भागिले पोचलेली पार्सलं, एवढाच भागाकार करा. पाठवलेली नाही, पोचलेली. हा आकडा हातात असला की आवाज चढवावा लागत नाही. तो आकडा आणि दुसऱ्याचं कार्ड समोर ठेवायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं लोकांना जमत नाही, समोरचा विचार करत असतो तेवढ्यात आपणच "बरं, थोडं वर चालेल" म्हणून मोकळे होतात.

मात्र या प्रयोगाच्या नादात माल चार-पाच कंपन्यांत वाटू नका. वीस पार्सलं पाच ठिकाणी चार-चार करून गेली तर तुम्ही पाचही जणांसाठी किरकोळ गिऱ्हाईक. एक मुख्य, एक राखीव, पुरे.

परत येणाऱ्या पार्सलांचा रेट न बोलणं

जे कॅश ऑन डिलिव्हरी देतात त्यांच्यासाठी हे रेटपेक्षा मोठं आहे, आणि याच्यावर बोलणं काढणारा क्वचित कुणी भेटतो. पार्सल गेलं, गिऱ्हाईकाने घेतलं नाही, परत आलं. जाण्याचे पैसे लागले, येण्याचेही लागले, विक्री शून्य.

परत पहिल्यासारखं १०० धरून सांगते. शंभर पार्सलं पाठवली, प्रत्येकी १०० प्रमाणे १०,०००. त्यातली वीस परत आली, परतीचा रेट ८०, म्हणजे आणखी १,६००. एकूण ११,६००, आणि पोचली ऐंशी. म्हणजे पोचलेलं एक पार्सल १४५ ला पडलं. आता सेल्सवाल्याशी झगडून दोन्ही रेट दहा टक्क्यांनी उतरवले तर ते साधारण १३० वर येतं. आणि रेट न उतरवता परत येणारी वीसची दहा केली तर? १०,००० अधिक ८००, भागिले नव्वद, म्हणजे १२०. ऑर्डर आल्यावर फोन करून पत्ता नक्की करणं, पिनकोड तपासणं, तिसऱ्यांदा परत पाठवणाऱ्या नंबरला कॅश ऑन डिलिव्हरी बंद करणं, ही कंटाळवाणी कामं कुठल्याही डिस्काउंटला भारी पडतात. शॉर्टकट मागणाऱ्यांना हे सांगितलं की ते मेसेज बघून सोडून देतात, ठीक आहे.

तरीही परतीचा रेट वेगळा बोलायचाच. जाण्याच्या रेटवर "यापेक्षा खाली नाही" म्हणून अडलेला माणूस परतीच्या रेटवर बरेचदा ढिला पडतो, कारण त्याच्या कार्डाची तुलना कुणी त्या ओळीवरून करत नाही. तसंच गिऱ्हाईकाकडून घेतलेले पैसे किती दिवसांनी तुमच्या खात्यात येतात तेही बोला. दोन आठवड्यांऐवजी आठवड्यात पैसे आले तर घरातून माल विकणाऱ्याला त्याचा उपयोग रेटमधल्या दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त होतो, कारण नवा माल उधारीवर घ्यावा लागत नाही. आणि एक तपासायचं म्हणजे डिलिव्हरीचा खरंच प्रयत्न होतो का. "ग्राहक उपलब्ध नाही" असा शेरा आला की त्याच दिवशी ग्राहकाला विचारा, कुणी आलं होतं का, फोन आला होता का. न गेल्याची दहा-बारा उदाहरणं तारखेसकट जमली की रेटच्या बोलण्यात त्यांचा चांगला उपयोग होतो.

उरलेल्या, थोडक्यात

फोनवर ठरलेला रेट हा ठरलेला नसतो. मेलवर पूर्ण कार्ड मागा, त्यात स्लॅब, व्हॉल्युमेट्रिकला कितीने भागणार, फ्युएलचा टक्का, परतीचा रेट, कधीपासून लागू, आणि रेट वाढवायचा असेल तर किती दिवस आधी कळवणार, एवढं असलंच पाहिजे. बऱ्याच कंपन्या वर्षातून एकदा सगळ्यांचाच रेट वाढवतात, तुमची घासून मिळवलेली सूट त्यात अर्धी गिळली जाते, म्हणून ही शेवटची ओळ सोडू नका.

सीझनच्या तोंडावर रेट कमी मागायला जाऊ नका, तेव्हा त्यांच्या गाड्या आधीच भरलेल्या असतात आणि तुमची त्यांना गरज नसते. मंदीच्या महिन्यात जा, त्यातही महिन्याच्या किंवा तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात, सेल्सवाल्याचं टार्गेट अडलेलं असतं तेव्हा.

वेगवेगळ्या कुरियरची बुकिंग एकाच ठिकाणी करून देणाऱ्या ॲपवरून तुम्ही पाठवत असाल तर घाईघाईने थेट खातं उघडू नका. त्यांना सगळ्यांचा माल मिळून मोठ्या गिऱ्हाईकाचा रेट मिळतो, रोजच्या दहा-पंधरा पार्सलांना तुम्हाला थेट त्याहून चांगला मिळणं अवघड असतं. आधी ॲपवाल्याकडेच वरचा प्लॅन मागा, आणि प्लॅनची महिन्याची फी पार्सलांवर वाटून मगच रेट स्वस्त की महाग ते ठरवा. थेट गेलात की वजनाचे वाद, हरवलेल्या पार्सलांचे क्लेम, पैशांचा ताळमेळ, सगळं तुमच्या डोक्यावर येतं हेही धरा.

वजनाचा वाद घालायला मुदत असते, आणि ती थोडी असते. महिन्याने बिल उघडून बोंब मारलीत तर कुणी ऐकणार नाही. प्रत्येक पार्सलाचा फोटो काढायला वेळ नसेल तर निदान प्रत्येक साइजच्या बॉक्सचे तीन फोटो काढून ठेवा: काट्यावर ठेवलेला, लेबल आणि काट्याचा आकडा दोन्ही दिसतील असा, आणि टेप लावून लांबी-रुंदी आणि उंची दिसतील असे दोन. काही ठिकाणी ठराविक मालाचं वजन आधीच नोंदवून पक्कं करून घेता येतं, ती सोय असेल तर पहिल्याच दिवशी वापरा.

महाग वस्तू पाठवत असाल तर हरवल्यावर जास्तीत जास्त किती भरपाई देणार ते विचारा, स्वस्त कार्डावर ती मर्यादा बहुधा वस्तूच्या किमतीपेक्षा फारच खाली असते.

आणि नवा रेट लागू झाल्यावरचं पहिलं बिल ओळ न ओळ तपासा, बेरीज बघून सोडून देऊ नका. सिस्टममध्ये नवा रेट चढवायचा राहिला, एखाद्या झोनला जुनाच राहिला, परतीच्या पार्सलांना जुनंच कार्ड लागलं, हे इतकं होतं की मी त्याला अपघात म्हणत नाही. वेगवेगळ्या झोनची आणि वजनाची दहा पार्सलं निवडा, कार्डावरून हाताने हिशोब करा, फ्युएल आणि कर मिळवा, बिलातल्या आकड्याशी जुळतो का बघा. जुळला नाही तर त्याच दिवशी पार्सल नंबरासकट मेल टाका आणि क्रेडिट नोट मागा. "पुढच्या बिलात ॲडजस्ट करतो" असं तोंडी सांगितलं तर तेही मेलवर लिहून घ्या, आणि पुढचं बिल आलं की सगळ्यात आधी तीच ओळ शोधा.